म्हणजे नेमकं काय?

माणसं एकमेकांशी बोलताना जे नियम पाळतात ते कुठे लिहिलेले नसतात आणि कुणी मोडल्याशिवाय दिसतही नाहीत. या एका वाक्यावर मी आयुष्यभर पगार घेतला. विषयाचं नाव लोकपद्धतिशास्त्र. नाव ऐकलं की समोरचा जांभई देतो, म्हणून मी लगेच उदाहरण देतो. कुणी 'कसं काय?' म्हटलं, तर उलट विचारा, 'कशाच्या बाबतीत? तब्येतीच्या, कामाच्या, की मनाच्या?' दुसऱ्या प्रश्नालाच समोरच्याचा पारा चढतो. याला म्हणायचं नियमभंगाचा प्रयोग. कॉलेजात मुलं मला पाठीमागे 'म्हणजेसर' म्हणतात. निदान त्यांना वाटतं की पाठीमागे म्हणतात.

सत्र सुरू झालं की मी वर्गाला असा एक प्रयोग करायला लावतो. एक तर ओळखीच्या माणसाच्या साध्या बोलण्याचा अर्थ विचारत राहायचं. नाही तर ठरलेल्या किमतीच्या दुकानात घासाघीस करायची. नाही तर स्वतःच्याच घरात तासभर परक्या भाडेकरूसारखं, अदबीनं वागायचं. अट एकच, संपल्यावर समोरच्याला खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची. ही अट मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारतो.

यंदा वर्गात माझी मुलगी होती. घरात तिला आम्ही ठकी म्हणतो. वर्गात मी तिला काहीच म्हणत नसे, कारण 'सरांची मुलगी' एवढं बाकीचे म्हणतच होते.

एका संध्याकाळी मी टेबलाशी वाचत बसलो होतो. ती दारात आली.

"बाबा, मला हे जमत नाहीये."

शहाण्या बापानं पुस्तक मिटलं असतं. मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "हे म्हणजे नेमकं काय?"

"कॉलेज. सगळंच."

"सगळंच म्हणजे? जेवणसुद्धा?"

"बाबा, प्लीज. जाऊ दे."

"काय जाऊ दे? कुठे जाऊ दे?"

ती आत निघून गेली. मला वाटलं, काय फर्मास संवाद झाला! चार वाक्यांत अख्खा धडा. दुसऱ्या दिवशी तोच मी वर्गात सांगितला, 'एका घरात घडलेला' म्हणून, आवाज बदलून, अभिनयासकट. वर्ग खो खो हसला. घर कुणाचं, ते चौथ्या बाकावरच्या लालबुंद कानांवरून सगळ्यांना कळलं होतं. मला नाही कळलं. मी फळा पुसत होतो.

त्या रात्री जेवताना ठकी म्हणाली, "तुम्हाला चालणार असेल तर पाणी घेऊ का?"

तुम्ही! जन्मापासून मला अरे-तुरे करणारी ही मुलगी. जेवण झाल्यावर तिनं ताट उचललं, आईला म्हणाली, "जेवण छान होतं. आभारी आहे." बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? ताप आहे का?"

मी टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. ठकी खोलीत गेल्यावर कुजबुजलो, "अगं, प्रयोग आहे! भाडेकरूचा! आणि तू बघ, लगेच कारण शोधलंस. ताप! सगळे हेच करतात. आजारी असेल, अभ्यासाचा ताण असेल, कुणाशी भांडली असेल. मग चिडतात. तू मात्र चिडू नकोस."

"आणि खरंच भांडली असेल तर?"

"कुणाशी?"

बायकोनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी विचारला नाही. जिथे विचारायचा तिथेच नेमकी माझी वाचा बसते.

प्रयोग तासाभराचा, पण ठकीनं तो आठवडाभर ओढला. फ्रिज उघडायला परवानगी मागायची. बाथरूमच्या दारावर टकटक करून 'आपलं झालं का?' विचारायची. सकाळी निघताना म्हणायची, "जाते मी." बायको आतून ओरडायची, "येते म्हण गं!" आणि मी मनात म्हणायचो, वा! निघताना 'येते' म्हणायचं हा केवढा खोल रुतलेला नियम, कार्टीनं बरोबर त्यावर बोट ठेवलं. खाण तशी माती, दुसरं काय. शेजारच्या काकूंनी विचारलं, पोरीला बरं नाही का? मी मिशीतल्या मिशीत हसलो. आता ती येऊन खरं सांगेल, माफी मागेल, आणि मी तिची पाठ थोपटेन, याची वाट बघत राहिलो.

शनिवारी मी स्टाफरूममध्ये मुलांचे अहवाल वाचायला घेतले. ठकीचा मुद्दाम शेवटी ठेवला होता, गोड पदार्थासारखा. तो औषधाच्या दुकानातल्या टूथब्रशबद्दल होता. छापील किमतीवर घासाघीस करायला जाताना तिला दरदरून घाम फुटला होता, आणि दुकानदारानं काही न बोलता किंमत कमी केली होती. 'नियम माझ्या मनात जेवढा कडक होता तेवढा दुकानात नव्हता,' असं तिनं लिहिलं होतं. उत्तम अहवाल. मी पान उलटलं. मागे कोरं होतं. घराबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणजे घरी प्रयोग चाललाच नव्हता. मी छत्री तिथेच विसरून घरी पळालो.

दाराशी तिची बॅग होती. बायकोनं सांगितलं, दुसऱ्या गावी फिजिओथेरपीच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिथेच राहायची सोय होती, गाडी तासाभरानं होती.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"मला कालच सांगितलं तिनं. तुम्ही विचाराल म्हणून थांबली होती. आणि तुम्हीच म्हणालात ना, चिडू नकोस? नाही चिडले."

ठकी बुटांच्या नाड्या बांधत होती. मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, की आपण गृहीत धरलेल्या अपेक्षांची जी पार्श्वभूमी असते..."

तिनं बॅग उचलली. "जाते मी. इतके दिवस राहू दिलंत, आभारी आहे."

"जाते काय? जाते काय म्हणतेस?" मी ओरडलो. "आणि आभार कुणाचे मानतेस गं? मी काय घरमालक आहे तुझा? बापाला तुम्ही म्हणतेस? काय झालंय तुला? माझ्यावर रागावलीयस का?"

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. वर्गात फळ्यावर जे प्रश्न लिहून 'लोक हेच विचारतात' असं सांगतो, तेच, त्याच क्रमानं माझ्या तोंडून निघाले होते. फक्त एक आठवडा उशिरा.

ठकीनं बॅग खाली ठेवली.

"हो, रागावलेय," ती म्हणाली. "आठवडा लागला तुला."

तुला! ते ऐकून मला रडूच आलं.

"मी तुझ्याकडे आले होते, बाबा. आणि तू ते वर्गात सांगितलंस. सगळे हसले."

"चुकलो."

तिनं डोळे बारीक केले. "चुकलो म्हणजे नेमकं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हा प्रश्न विचारला होता, आणि मी चिडलो नाही. उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. तिचं बोलणं ऐकायच्या ऐवजी तपासलं. वर्गाला तिच्यावर हसू दिलं. ती दूर होत असताना मी मनातल्या मनात तिला मार्क देत बसलो. बायको मधेच म्हणाली, "अजून आहे बरंच, पण गाडी चुकेल."

रिक्षा आली. ठकीनं बॅग आत टाकली आणि मागे वळली.

"येते," ती म्हणाली.

येते म्हणजे नेमकं कधी, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"ये," मी म्हणालो.