यंत्रात दाटलेलं हसू

बसस्थानकात घोषणा करणाऱ्या घसाकाकांना सगळे घसाकाकाच म्हणत, कारण त्यांच्या अंगात घसा सोडला तर दखल घेण्याजोगं फारसं काही नव्हतं. पण घसा असा, की फलाट एकवर त्यांनी खाकरलं तर फलाट नऊवरचा झोपलेला कंडक्टर उठून घंटी मारायचा. पुढे कॉम्प्युटर आला. काकांकडून सगळी गावं, सगळे आकडे आणि "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एकदाच वदवून घेतलं आणि तेव्हापासून काकांचाच आवाज काकांविना बोलू लागला. काकांना मात्र घोषणांच्या खोलीतच ठेवलं होतं. मशीन बंद पडलं तर माइक हातात घ्यायचा, एवढंच काम. म्हणजे बायको जिवंत असताना तिच्या फोटोशी संसार करावा, तशातली गत.

आणि मशीन बंद पडायचं. सुरू केल्यावर दोन-तीन दिवस घोड्यासारखं पळायचं, मग त्याची चाल मंदावायची. माउस हलवला की बाण जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत यायचा. डिस्कचा दिवा एकसारखा फडफडायचा. आणि एक दिवस ऐन गर्दीत सगळं जागच्या जागी गोठायचं. मागच्या खेपेला ते "फलाट क्रमांक चार" म्हणताना गोठलं आणि स्पीकरमधून "चार चार चार चार" असा धोशा सुरू झाला. अख्खं स्थानक चारवर लोटलं. तिथे उभी असलेली बस धुलाईला निघाली होती. तीही भरली. त्यातली काही माणसं न्हाऊन घरी परतली आणि प्रवास उत्तम झाला म्हणाली.

डेपोच्या साहेबांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. त्यांनी बराच विचार करून गुन्हेगार ठरवला: घसाकाका. मशीन गोठलं की माइक कोणाला मिळतो? काकांना. मग गोठवतं कोण? साहेबांचं म्हणणं असं, की काका आपल्याच आवाजावर जळतात. पुरावा विचाराल तर मशीन गोठल्यावर काकांच्या चेहऱ्यावर येणारं तेज. ते तेज काकांनाही नाकारता येईना, हीच खरी पंचाईत. फैसला झाला. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर काकांची बदली हरवलेल्या सामानाच्या कोठीत. तिथे बिनमालकाच्या छत्र्या आणि एकेका पायाचे बूट. बोलायचं कोणाशी?

काका गेले ते थेट पक्कडताईकडे. ही डेपोची तंत्रज्ञ. खिशात कायम पक्कड, म्हणून पक्कडताई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्ही हात लावता का?"

"अगं, मी त्याच्याशी बोलतसुद्धा नाही," काका म्हणाले.

ताईने मशीन नुकतंच सुरू केलेलं बघून रिसोर्स मॉनिटर उघडला. मशीनमध्ये कोणता प्रोग्रॅम काय खातोय, ते दाखवणारी ही खिडकी. बातमी लागताच साहेबही येऊन मागे उभे राहिले. ताईने काकांना समजावलं, की रॅम म्हणजे कामाचं टेबल. काम करताना वस्तू टेबलावर मांडायची, झालं की उचलायची. कोणीतरी मांडतंय आणि उचलत नाहीये. टेबल भरलं, की मशीन सामान खाली डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसं वर आणतं. त्या वाकण्या-उठण्यातच त्याचा दम जातो, म्हणून दिवा फडफडतो.

तिने यादी मेमरीच्या रकान्याप्रमाणे लावली. सगळ्यात वर, सगळ्यात जाडजूड, काकांच्या आवाजाचा प्रोग्रॅम.

साहेबांनी टाळी वाजवली. "बघा. ह्यांचा घसाच भारी आहे."

काकांना कोठीतल्या छत्र्या दिसू लागल्या आणि त्याचबरोबर थोडा अभिमानही वाटला. ताई मात्र हलली नाही. लठ्ठ माणूस चोर नसतो साहेब, ती म्हणाली, चोर तो, ज्याचे खिसे फुगत जातात. थांबा, बस येऊ द्या.

एक बस आली. काकांचा आवाज बोलला, आकडा तोच राहिला. सगळ्या ध्वनिफिती त्याने सुरुवातीलाच एकदा उचलून ठेवल्या होत्या. पण यादीत पार खाली "सुस्वागतम" नावाची एक रोडकी ओळ होती, ती आठ एमबीने वाढली. दुसरी बस, आणखी आठ. तिसरी, आणखी आठ. मग बराच वेळ बस आली नाही, तर ती ओळ ढिम्म. कमी मात्र होईना. घेणं ठाऊक, देणं ठाऊक नाही. दुपारची वर्दळ संपेपर्यंत तिने काकांच्या घशाला मागे टाकलं होतं.

साहेब पाणी प्यायले. ते सुस्वागतम त्यांच्या जावयाने लिहिलं होतं. प्रत्येक बस आली, की मोठ्या फलकावर साहेबांचा हसरा फोटो झळकायचा, एवढंच त्याचं काम. पण दर बसला जावईबापू तोच फोटो नव्याने रॅममध्ये आणून उभा करत आणि जुना सोडून देत नसत. सुट्टीच्या दिवशी बसगाड्या कमी, म्हणून मशीन जास्त टिके. गर्दीच्या आठवड्यात लवकर आडवं होई. गोठायच्या वेळी त्यात हजारांनी साहेब उभे असत, सगळे एकसारखे हसत, कोणी कोणाला जागा देईना.

खात्री करायला ताईने सुस्वागतम बंद केलं. मेमरीची चढलेली रेघ धाडकन खाली आली. फलकावरून साहेब नाहीसे झाले आणि मशीनने, काका आजही शपथेवर सांगतात, सुस्कारा सोडला.

ताई म्हणाली, एका ओळीचं काम आहे. फोटो एकदाच आणायचा आणि तोच पुन्हा पुन्हा दाखवायचा. जावईबापूंना सांगू या.

साहेब खुर्चीत बसले. जावयाला चूक दाखवायची? तो गेल्या महिन्यात राहायला आला होता आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हटल्यावर माहेरवाशिणीसारखा रुसला होता. ताई हळूच पुटपुटली, जावई आला की जागा सोडत नाही, त्याचा प्रोग्रॅम अगदी त्याच्यावर गेलाय. साहेबांनी ते ऐकलं आणि, आश्चर्य म्हणजे, मान डोलावली.

शेवटी हुकूम निघाला तो असा. काका निर्दोष, कोठीची बदली रद्द. सुस्वागतमला कोणी हात लावायचा नाही. त्याऐवजी दर रविवारी, मशीन गोठायची वाट न बघता, ताईने अख्खं मशीन रीतसर बंद करून पुन्हा सुरू करायचं. तेवढा वेळ घोषणा काकांच्या.

खोलीबाहेर आल्यावर ताईने काकांना हळूच सांगितलं, की सगळं मशीन बंद करायची गरजच नाही. नुसतं सुस्वागतम बंद करून उघडलं तरी पुरे. चुटकीसरशी होईल. तुमचा आवाज थांबणारही नाही.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आवाज खाली आणला.

"हे साहेबांना सांगायलाच हवं का गं, ताई?" ते म्हणाले.

ताईने पक्कड खिशातून काढली, पाहिली आणि परत ठेवली.

तेव्हापासून रविवारी मशीन बंद होतं. काका माइक हातात घेतात, खाकरतात, आणि फलाट नऊवरचा कंडक्टर उठतो. गावांची नावं ते अशी घेतात, की न जाणारेही तिकीट काढतात. मशीन सुरू व्हायला फार वेळ लागतो अशी साहेबांची तक्रार आहे. पण ताईचा स्क्रूड्रायव्हर नेमका रविवारीच हरवतो, आणि मशीन सुरू करायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, हे साहेबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.