चादरीचा कट

शिळफाट्यावरच्या एका स्टुडिओत फराह लग्नांचे व्हिडिओ जोडायची. कुणाचं नाचणं कुठं तोडायचं, कुणाच्या आईचं रडणं किती ठेवायचं, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. पण साईराजचा व्लॉग हाती घेतल्यापासून आपल्याला नेमकं काय कळतं, असा प्रश्न तिला पडायला लागला होता.

साईराज कुंभिवलीचा. दोघं शाळेत एका वर्गात होते. आता तो हायवेवरच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि सुटीत कॅमेरा घेऊन भटकायचा. त्याच्या जुन्या व्हिडिओंमध्ये दर दोन वाक्यांनंतर चित्र गरकन फिरायचं, नाहीतर सूंऽऽ करून आत घुसायचं. लोक कुठवर बघतात त्याचा ग्राफ उघडला की दिसायचं, ते सुरुवातीलाच निघून गेलेत.

"एवढं फिरवतोय तरी माणसं थांबत नायत," तो म्हणाला.

"फिरवतोस म्हणूनच जात असतील," फराह म्हणाली. "माणूस काय दिसतंय ते बघत असतो. तू त्याला कात्री दाखवतोस."

या खेपेला त्यानं माथेरान केलं होतं, पण नेहमीचे पॉइंट नाही. त्याची छायाआत्या वर एका हॉटेलात खोल्या आवरायची. आठवडाभर तिथंच राहायची आणि मंगळवारी घरी, साईराजकडे, यायची. साईराजनं तिच्याबरोबरचा एक मंगळवार आणि वरचा एक दिवस शूट केला. सगळं फुटेज फराहकडे आलं आणि तिला त्यात एक जागा सापडली.

घरी अंगणात आत्या चादर झटकत होती. चादर वर गेली, फुगली आणि तिनं सगळा पडदा भरून टाकला. हॉटेलच्या क्लिपमध्ये आत्या पलंगावर चादर टाकत होती. तीही तशीच फुगून खाली येत होती. अंगणातली चादर अगदी वर पोचली की तोडायचं, हॉटेलातली खाली यायला लागते तिथून जोडायचं. बघणाऱ्याचा डोळा जिथं असेल तिथंच राहतो, हालचाल तुटत नाही, आणि चादर खाली येते तोवर अंगण गेलेलं असतं, खोली आलेली असते. याला मॅच कट म्हणतात. त्यात कुठलाही इफेक्ट लागत नाही, फक्त जागा, वेग आणि दिशा जुळावी लागते.

फराहनं दोन्ही क्लिप एकमेकींवर अर्ध्या पारदर्शक करून ठेवल्या आणि चादरीच्या कडा जुळवल्या. हॉटेलची क्लिप जरा संथ होती, तिला थोडा वेग दिला. तरी काहीतरी खटकत होतं. घरची चादर फिक्या निळ्या रंगाची, बारीक फुलांची होती, हॉटेलची पांढरी. कट झाला की रंग डोळ्यात टोचायचा. उन्हानं निळा आधीच निम्मा उडाला होता. उरलेला तिनं क्लिपमधून काढून टाकला आणि उजेड वाढवला. फुलं विरली. आता कट दिसेचना.

साईराजनं पाहिलं आणि विचारलं, "थांब. आत्या माथेरानला कधी पोचली?"

"चादर वर होती तेव्हा."

त्यानं तो तुकडा पुन्हा लावून बघितला. मग म्हणाला, "भारी हाय. पण मला भारी का वाटलं ते नाय समजलं."

व्लॉग चढवला आणि तो चालला. ग्राफ नेहमी खाली उतरत जातो. या ग्राफला मधेच एक उंचवटा आला होता, बरोब्बर चादरीच्या जागी. लोक मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा बघत होते. साईराज स्टुडिओत पेढे घेऊन आला. फराहनंही पेढा खाल्ला, पण तिचं समाधान होईना. माणूस आवडलं म्हणूनही पुन्हा बघतो आणि कळलं नाही म्हणूनही पुन्हा बघतो. उंचवटा दोन्हींचा सारखाच दिसतो.

तिनं कमेंट वाचायला घेतल्या. ‘हे घर हॉटेलमध्येच आहे का?’ ‘मस्त कट.’ ‘ताईंचं स्वतःचं हॉटेल आहे का?’ आणि एकानं गमतीत लिहिलं होतं, ‘मावशी हॉटेलची चादर घरी वाळत घालतात वाटतं.’ त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती, आणि त्याखाली एकानं गंभीरपणे लिहिलं होतं की अशानंच हॉटेलवाल्यांचा माल जातो.

व्लॉगखाली हॉटेलचं नाव साईराजनं हौसेनं टाकलं होतं. दोन दिवसांनी छायाआत्याचा फोन आला. मॅनेजरनं तिला सांगितलं होतं, चादरींचा हिशेब लागेपर्यंत घरी राहा.

फराह साईराजच्या घरी गेली, तेव्हा आत्या ओट्यावर बसून वाल सोलत होती. तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा गोंधळ जास्त होता.

"पोरी, मला एक सांग. चादर माझी हाय ना?"

"तुमचीच हाय आत्या."

"मग ती पांढरी कशी झाली? मी मोबाईलवर चारदा बघितली. आत्ता मलाच वाटाय लागलंय, तिकडची एखादी चुकून आली का काय पिशवीत."

चादर समोरच दोरीवर होती, निळी, फुलाफुलांची. आत्या तिच्याकडे बघायची आणि मग मोबाईलकडे बघायची. व्हिडिओतलं आपल्याला खोटं म्हणता येत नाही, तसं तिचं झालं होतं.

साईराज म्हणाला, "तेवढा भाग कापून टाक ना आत्ताच्या आत्ता."

चढवलेल्या व्हिडिओतून तुकडा कापता येतो, त्यात नवीन काही घालता मात्र येत नाही. फराहनं कापला. पण कापलेलं सगळ्यांना दिसायला वेळ लागत होता, तोवर जुनंच चालू राहिलं. आणि चादर गेल्यावर आत्या अंगणातून एकदम हॉटेलच्या जिन्यात उगवली, ते बघून लोक आणखी बुचकळ्यात पडले. एकानं लिहिलं, ‘चादर का काढली? म्हणजे खरंच होतं तर.’

"काढलं तरी अडचण, ठेवलं तरी अडचण," साईराज म्हणाला. "आता करायचं काय?"

"वर जाऊ," फराह म्हणाली.

नेरळहून टॅक्सीनं तिघं दस्तुरीपर्यंत गेली. तिथून पुढं गाडी जात नाही. आत्या रुळांच्या कडेनं पुढं चालत होती, पदर खोचून, पिशवी या हातातून त्या हातात घेत. पिशवीत ती निळी चादर होती. घोड्यांच्या टापांनी लाल धूळ उडत होती. फराहला धाप लागली. आत्या न बोलता थांबली आणि पुन्हा चालायला लागली. हा रस्ता साईराजनं शूट केलेला होता. फराहनं त्या क्लिप पाहिल्या होत्या आणि ‘यात काही घडत नाही’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

हॉटेलचा मॅनेजर नीलेश भला माणूस होता. त्यानं चहा मागवला. फराहनं आधी रंग न बदललेली कच्ची क्लिप दाखवली, आत्यानं पिशवीतून चादर काढली. निळी चादर आणि निळी क्लिप, दोन्ही जुळत होत्या.

"बरं," नीलेश म्हणाला. "मग व्हिडिओत ती पांढरी का केलीत?"

"आमच्यात तो मॅच कट असतो, सर. दोन्ही चादरी एकच वाटाव्यात म्हणून."

"एकच वाटाव्यात म्हणून."

"हो."

"मग मला एकच वाटल्या, तर माझं काय चुकलं?"

त्यानं हे कुरापत काढायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. कट इतका साफ जमला होता की माणसानं तो मानला होता. चूक म्हणावी तर कुठली? न जमलेला कट चूक असतो, हे तिला माहीत होतं. जमलेला कट चूक कसा असेल?

"मी नवीन करून देते," ती शेवटी म्हणाली. "हा पूर्ण काढते."

नीलेशनं मान हलवली आणि आत्याला म्हणाला, "छायाताई, वरच्या मजल्यावर पाहुणे येतायत दुपारी." आत्या पिशवी कोपऱ्यात ठेवून तशीच जिना चढून गेली.

नवीन जोडणी फराहनं स्टुडिओत दुपारच्या मोकळ्या वेळात केली. निळ्याला निळं राहू दिलं. चादर दोरीवर पडली, आत्यानं चिमटा लावला, तिथं कट केला नाही. चादर हलत असतानाच तिच्यामागून खडीवरच्या पावलांचा आवाज हलकेच सुरू केला. चित्र अजून अंगणाचं, आवाज मात्र डोंगरावरचा. मग रस्ता आला. तिनं तो लांब ठेवला. साईराज कंटाळून घड्याळ बघेल इतका लांब, मग त्याहून थोडा कमी. आणि मग हॉटेलची पांढरी चादर, साधी, आपली आपण.

जुन्या व्लॉगमधला दुसरा एक मॅच कट तिनं तसाच ठेवला. हातरिक्षाचं चाक डावीकडून उजवीकडे फिरत जातं, आणि त्याच जागी, त्याच आकारात मिनी ट्रेनचं चाक फिरायला लागतं. ते चाक कुणाचं, असं कुणी विचारलं नव्हतं. इथं दोन वस्तू एक वाटल्या तर बिघडत का नाही आणि तिथं का बिघडलं, यावर ती बराच वेळ विचार करत बसली. तिथं चादरीच्या मागे एक बाई उभी होती, एवढंच तिला सापडलं. ते पुरेसं कारण आहे का, तिला ठरवता येईना.

जुना व्लॉग काढून नवीन चढवला. व्ह्यू पहिल्यापासून मोजायला लागले. कमेंट थोड्या आल्या, पण कुणी चादरीबद्दल बोललं नाही. एकीनं लिहिलं होतं, ‘रस्ता बघून माझेच पाय दुखले.’ ग्राफ हळूहळू उतरत गेला होता, कुठं कडा नाही, कुठं उंचवटा नाही.

"माणसं थांबतायत," साईराज म्हणाला. "पण मागं जाऊन कोण बघत नाय. हे चांगलं का वाईट?"

"मला माहीत नाही रं."

"तू एडिटर ना?"

"म्हणूनच."

पुढच्या मंगळवारी छायाआत्या घरी आली, तेव्हा फराहनं तिला नवीन व्लॉग लावून दिला. आत्यानं ओट्यावर बसून शेवटपर्यंत पाहिला. रस्त्याच्या जागी ती हसली, स्वतःच्या चालण्याला. संपल्यावर मोबाईल परत देताना म्हणाली,

"चांगला हाय. कामाला कोण बोट लावणार नाय आता." मग जरा घुटमळली. "पण पहिला मला जास्त आवडला व्हता गं."

"पहिला? त्याच्यापायी तर तुमचं काम जात होतं."

"ते खरं. पण चादर वर गेली आणि खाली आली तर मी पोचलेली. ना टॅक्सी, ना चढण. दर आठवड्याला तसं जमलं असतं तर, असं वाटत बसले मी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "खोटंच व्हतं म्हणा. मग आवडलं कसं?"

फराहकडे तिनं उत्तराच्या अपेक्षेनं पाहिलं. फराहनं मोबाईल हातात उलटा-सुलटा केला. साईराजकडे पाहिलं, तर तोही तिच्याचकडे बघत होता.

"मला विचार करू दे, आत्या," ती म्हणाली.

"कर, सावकाश कर," आत्या म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.