मग जैतू काय म्हणाला

बुडबुडा दीड मिलिमीटरचा होता. गारगोटीच्या स्फटिकात पाण्याचा एक थेंब अडकला होता आणि त्या थेंबात हा बुडबुडा. स्फटिक डावीकडे कलता केला की बुडबुडा उजवीकडे निघायचा. टोकाला पोचायला त्याला जवळजवळ दोन सेकंद लागायचे. त्या रविवारी नामाकाकांनी स्फटिक उन्हात धरला, जरासा कलता केला आणि लगेच म्हणाले, "हलला बघ."

बुडबुडा जागचा हलला नव्हता.

मी "हो" म्हणाले. विमलकाकी ओटीच्या दुसऱ्या टोकाला वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत शेंगांत घातली. त्यांनाही ठाऊक होतं. काकांचा डावा डोळा साखरेमुळे कधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. होळीच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर पुढे काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी तीन तारखा घेतल्या आणि तिन्ही चुकवल्या. एकदा भाताची झोडणी होती, एकदा पाहुणे आले, एकदा नुसतंच "बघू." चौथी तारीख येत्या मंगळवारची होती. तिच्याबद्दल ओटीवर कोणी बोलत नव्हतं.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात पाण्याचे नमुने तपासते. काका विहिरी खोदायचे. आमची ओळख दगडांनी झाली. लोधिवलीच्या पुढे एका नव्या विहिरीच्या ढिगावर आम्ही दोघं एकाच दगडासाठी वाकलो होतो. काळा कातळ फुटला की कधी कधी आतल्या पोकळीत स्फटिक निघतात, पांढरे, पोपटी, मोरपंखाच्या झुपक्यासारखे. काकांनी चाळीस वर्षं ते जमवले आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवले. दोन वर्षं मी दर रविवारी येऊन त्यांची कार्डं करत होते.

"हा कुठला, काका?"

"कळंबचा."

"खोली?"

"पाच परस."

एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मी पस्तीस फूट लिहिलं.

"साल?"

"असंल अठ्ठ्याण्णव."

"पुढचा?"

"अगं बाय," विमलकाकी म्हणाल्या, "शिरगणतीवाले आलेले, ते बी एवढं इचारत नव्हते. आन् ते निदान चा तरी पीत होते."

मी हसले आणि चहा घेतला. पण कार्ड चालूच ठेवलं. एकशे बारा कार्डं झाली होती. त्यातलं कुठलंही वाचलं तरी माणूस दिसायचा नाही. खोली दिसायची.

तेवढ्यात अंगणातून शेजारच्या आवडीवहिनी निघाल्या. हातात कोयता होता आणि अंगावर नवं लुगडं.

"कुठं गं निघालीस?" काकींनी विचारलं.

"खोपोलीला."

"खोपोलीला, आन् कोयता?"

"लेकीच्या दारात झाड माजलंय."

"मग जावई काय करतो?"

"जावई झाडाचे फोटू काढतो."

"ते कुणाला दाखवतो गं?"

आवडीवहिनी थांबल्या, पायरीवर टेकल्या आणि पुढची दहा मिनिटं आम्ही जावई, त्याचा मोबाईल आणि त्याच्या मोबाईलला 'छान' म्हणणारी एक बाई यांच्यात होतो. काका पोट धरून हसत होते. मी पेन धरून बसले होते. त्या दहा मिनिटांत काकींनी पाचच प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तराचं टोक धरून निघाला होता. माझे प्रश्न कार्डातून यायचे. काकांनी काय उत्तर दिलं यावर माझा पुढचा प्रश्न कधीच अवलंबून नव्हता. प्रयोगशाळेत याला चांगली पद्धत म्हणतात.

आवडीवहिनी गेल्या. मी पेनाला टोपण लावलं.

ट्रेच्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला एक करडा दगड होता. त्याचं कार्ड मी केलं नव्हतं, कारण काका दर वेळी म्हणायचे, "तो ऱ्हाऊ दे, नुसता दगड हाय." आणि मी पुढे जायची. आज मी तो त्यांच्या हातात दिला.

"तो ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "नुसता दगड हाय."

"नुसता दगड, आणि फडक्यात?"

काकांनी फडकं चाचपलं. "जैत्याचा हाय."

"जैतू कोण? किती वर्षं होता तुमच्याबरोबर? आता कुठे असतो?"

"वारला," काका म्हणाले आणि फडकं घट्ट केलं.

तीन प्रश्न एकदम विचारले तर माणूस सगळ्यात लहान उत्तराचा निवडतो. दुरुस्त कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. समोरच्या वालाच्या शेतावर धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. डोंगर नुसत्या कडेपुरता दिसत होता. मग मी माझंच काहीतरी सांगितलं. कॉलेजात माझी एक जोडीदारीण होती. प्रयोग करताना ती सतत गुणगुणायची. मला राग यायचा. पुढे नोकरीत एकटीनं काम करायला लागले, तेव्हा काचेच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना, आणि पहिले सहा महिने माझ्या हातून भांडी फुटत राहिली.

"जैत्या गायचा," काका म्हणाले.

"विहिरीत?"

"तळाला. विहीर गानं मोठं करते ना. एक मानूस गातोय असं वाटतच नाय. चार-पाच जन गोल बसलेत असं वाटतं." त्यांनी मान वर केली, जणू तळातूनच बघत होते. "वर आभाळ भाकरीएवढं. भर दुपारी त्यात चांदन्या दिसायच्या."

दिवसा विहिरीतून चांदण्या दिसत नाहीत. आकाशाचा उजेड तळातूनही तेवढाच राहतो. हे मी एरवी सांगितलं असतं, आणि तिथेच संपलं असतं.

"कोणाला दिसल्या आधी?"

"जैत्याला. म्हनला, नाम्या, बघ, मोज. मला काय दिसंना. पन तो एवढा खूश होता, मी म्हनलं, सात हायत."

"सात?"

"तो म्हनला, नाय रं, आठ." काका हसले, आणि हसता हसता थांबले. बोटं फडक्यावरून फिरत राहिली. काकींच्या परातीत शेंगा पडायच्या थांबल्या होत्या.

"मोजायला मी चांगला नव्हतो," ते म्हणाले.

या वाक्याला दोन बाजू होत्या. एक चांदण्यांची, दुसरी मला दिसत नव्हती. मी दुसरी धरली.

"आणखी काय मोजायचात?"

"सुरुंग. चार भोकं, चार वाती. पेटवायच्या आन् दोरानं वर यायचं. वर बसून आवाज मोजायचे. चार झाले की खाली. तीनच झाले तर त्या दिवशी कोनी उतरायचं नाय, एक जिता ऱ्हायला. मोजायचं काम माझं."

"त्या दिवशी?"

"चार मोजले." ते थांबले. "कळंबची विहीर डोंगराच्या पायाशी हाय, बाय. तिसरा उडाला आन् त्याचा आवाज डोंगरावरनं फिरून आला. तो मी चौथा धरला. जैत्या उतरला, मलबा ओढायला पहार घातली, आन् चौथा तवा उडाला."

काकी उठून जवळ आल्या आणि पायरीवर बसल्या.

"डोळे गेले," काका म्हणाले. "बाकी मानूस जसा होता तसा. मुंबईला इस्पितळात ठेवला. आठव्या दिवशी पट्टी सोडली. मी बाजूला, त्याचा हात माझ्या हातात. डाक्टर म्हनला, उघडा डोळे. जैत्यानं उघडले. मला म्हनला, नाम्या, लाईट लावली का रं?"

"किती वाजले होते?" मी विचारलं. हा प्रश्न कार्डासाठी नव्हता.

"दुपारचे बारा. खिडकीतनं ऊन गादीवर आलेलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, नाय अजून. थांब, लावतील."

रस्त्यावरून एक टेंपो गेला आणि त्याचा आवाज धुक्यात लगेच विरला. काकांनी फडकं सोडलं. दगडाला एका बाजूला नखाएवढं छिद्र होतं. त्यांनी माझं बोट धरून त्या छिद्रावर ठेवलं. आत बारीक टोकं होती, मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.

"पुढं वीस वर्सं तो हितंच बसायचा. बोटानं दगड निवडायचा. हा त्यानं काढला. म्हनला, आत पोकळ हाय, लई मोठं हाय आत, फोडू नको."

"आवाजाचं त्याला कधी सांगितलंत?"

"शेवटच्या साली. हितंच. म्हनलं, जैत्या, मी चुकलो मोजायला."

"मग जैतू काय म्हणाला?"

"म्हनला, मी बी वरच होतो की. मी बी चारच मोजले." काकांनी दगड दोन्ही हातांत घेतला. "खरं म्हनला, का मला बरं वाटावं म्हनून, कुनास ठाऊक. मी नाय का, सात म्हनलो होतो."

धुकं वालावरून उठून ओटीच्या कडेपर्यंत आलं होतं. मला क्षणभर वाटलं, आपण तिघं कसल्या तरी तळाशी गोल बसलो आहोत आणि वर आभाळ फार लहान आहे.

"चाळीस वर्सं संसार केला," काकी म्हणाल्या. "ह्या मोजन्याचं, लाईटीचं एक अक्षर मला सांगितलं नाय."

"तू इचारलंस कुठं गं? तू इचारायचीस, तारीख का चुकवली."

"मग काय इचारायचं होतं?"

मला तोंडाशी आलेलं सांगता आलं असतं: आता पट्टी दुसऱ्याच दिवशी काढतात, मोतीबिंदूचं शंभरातल्या बहुतेकांचं चांगलं होतं, सुरुंगाशी त्याचा काही संबंध नाही. सगळं खरं होतं. त्यातलं बरंचसं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं.

काकी त्यांच्याकडे बघत होत्या. जावयाच्या गोष्टीत त्या जशा टोक धरून चालल्या होत्या तशाच, पण फार हळू, त्यांनी विचारलं, "जैतूभावजींचा हात तुमी धरलात. तवा तुमाला काय वाटत होतं?"

"वाटत होतं, खोटं बोललो ते बरं केलं. आन् वाटत होतं, माझ्यावर वेळ आली तर माझ्याशी कोनी असं बोलू नये."

"मी बोलंन असं वाटतं तुमाला?"

"तू?" काका म्हणाले. "तू तर माझ्या बुडबुड्याला बी हलला म्हनतेस." ते माझ्याकडे वळले. "ही बी म्हनते."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांनी पदराने हात पुसले, वालाचा हिरवा रंग काही निघाला नाही, आणि तोच हात त्यांनी काकांच्या गुडघ्यावर ठेवला. काकांनी दगड बाजूला ठेवला आणि तो हात चाचपून धरला. ते समोर बघत होते, जिथे त्यांना बहुधा नुसता पांढरा उजेड दिसत असणार.

"मंगळवारी डोळा करून घेतो," ते म्हणाले. "पट्टी सोडताना तू बस. आन् मी लाईटीचं इचारलं, तर खरं सांग."