दादाची अठरा पावलं

आमच्या घरात फास्ट बोलरचा रनअप अठरा पावलांचा, ही काळ्या दगडावरची रेघ. आधी माझा मोठा भाऊ, दादा, मग मी, आता माझी लेक. ती बारा वर्षांची असताना मीच मोठ्या ऐटीत अंतर मोजून तिला खूण करून दिली होती.

सतराव्या वर्षी तिच्या कमरेत डावीकडे कळ यायला लागली. स्कॅनमध्ये हाड शाबूत निघालं, पण फिजिओने दोन महिने बॉलला हात लावू दिला नाही आणि बजावलं, की अ‍ॅक्शन सुधारली नाही तर हाडाला चीर जाईल, मग बोलिंग विसरायची. माझी बोलिंग तेविसाव्या वर्षी तशीच सुटली. तीस वर्षं मी बुटांना, खेळपट्टीला आणि नशिबाला शिव्या घालत आलोय.

परवानगी मिळताच आम्ही मैदानावर गेलो. कोचबाईंनी चार बॉलचा व्हिडिओ काढून मला सावकाश दाखवला. पोरगी पळायची झोकात, पण क्रीज गाठायला शेवटची तीन पावलं ताणायची. त्या ताणलेल्या उडीत पुढचा पाय आडवा पडायचा, डावा हात वर न जाता बाजूला गळायचा, आणि धड डावीकडे वाकून सगळा भार कमरेवर यायचा. मी स्वतःलाच बघत होतो.

"अठरा कुणी ठरवली?" बाईंनी विचारलं.

बाईंनी तिला क्रीजवरून उलटं, सीमारेषेकडे पळायला लावलं. खूण नाही, मोजणं नाही. वेग हळूहळू वाढव आणि पाय म्हणतील तिथे बॉल टाक. ती पाच वेळा पळाली; पाचही उड्या एकमेकींपासून हातभर अंतरात पडल्या. क्रीजपासून ते अंतर माझ्या खुणेपेक्षा दोन मीटर कमी भरलं. मग बाईंनी सांगितलं, की डावा हात उंच बॅट्समनकडे ने, बरगडीलगत खाली ओढ, पाऊल त्याच्याच रोखाने टेकव, कंबर आणि खांदे एका दिशेला ठेव.

मला पहिले बूट मिळाले तो दिवस आठवला. दादा सहा फूट दोन इंच, मी त्याच्या खांद्याला. माझा रनअप त्यानेच स्वतःच्या टांगांनी मोजला होता. मी खूश होतो, दादाचा रनअप मिळाला म्हणून. लेकीची खूण करतानाही मी टांगा फाकून त्याच्यासारखाच चाललो होतो. दादानंतर आमच्यातल्या कुणीही स्वतःच्या पावलांनी कधी मोजलंच नव्हतं. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे त्याला सांगता यायला हवं होतं. पोट धरून हसला असता आणि मग रडला असता.

नव्या खुणेवरून लेक पळाली. पावलं एका लयीत वाजली, हात उंच गेला, ती सरळ उतरली.

"कंबर?" मी विचारलं.

"काही नाही दुखत. बाबा, जुनी खूण पुसू?"

"राहू दे. मी पुसतो."

बुटाने माती सारली. पुढच्या बॉलला तिची पावलं मी मोजली नाहीत.