पिठाचा कोंबडा

कस्तुराबाईंनी पोथीची गाठ सोडली ती दातओठ खाऊन. गेल्या श्रुतपंचमीला ही गाठ त्यांच्या लेकाने, दिनकरने, बांधली होती, आणि त्याची गाठ म्हणजे खोंडाचं दावं. तो समोर असता तर त्यांनी चार बायकांत त्याचा उद्धार केला असता. पण चैत्रात जिंतूरच्या बाजाराला गेला तो बोरीला परत आलाच नव्हता. वाटेतच रझाकारांनी उचलला, एवढंच एका गाडीवानाने येऊन सांगितलं. कुणी म्हणे परभणीच्या कोठडीत आहे, कुणी म्हणे पूर्णेच्या पात्रात बघा. त्याला दोन महिने होऊन गेले होते.

"सुरी देऊ का, बाई?" उपाध्ये म्हणाले.

"शास्त्राला सुरी लावायची?" कस्तुराबाईंनी वर न बघताच विचारलं. "तुमी उपाध्ये हाव का खाटीक?"

बायका हसल्या, पण पदराआड. देवळाचा दरवाजा आतून अडसर लावून बंद होता. एरवी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, जैनांच्या या शास्त्रपूजेच्या दिवशी, सभामंडपात पाय ठेवायला जागा नसायची. साऱ्या घरांतल्या पोथ्या बाहेर निघायच्या, त्यांची धूळ झटकायची, जुनं फडकं जाऊन नवं वेष्टन यायचं, तांदूळ-फुलं वाहून पूजा व्हायची. यंदा तेरा बायका होत्या. उरलेली घरं कुलूप लावून निजामाच्या हद्दीबाहेरच्या नातेवाइकांकडे पळाली होती.

गाठ सुटली. लाकडी फळ्यांच्या मधून वेखंडाचे तुकडे घरंगळले. कस्तुराबाईंनी वरची फळी काढून कपाळाला लावली आणि पोथी चौरंगावर ठेवली.

ही पोथी त्यांच्या सासरची. दहा-बारा पिढ्यांमागच्या एका बाईने लिहून घेतलेली. शेवटच्या पानावर तिचं नाव आहे, आणि ज्ञानाला झाकणारं कर्म झडावं म्हणून हे शास्त्र दान केलं, असंही लिहिलं आहे. उपाध्ये दर वर्षी ते वाचत आणि कस्तुराबाई दर वर्षी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या मान ताठ करून ऐकत. त्यांना स्वतःला अक्षर लागत नव्हतं. पण त्यांना अक्षराची गरजही नव्हती. लिहिणाऱ्याने प्रत्येक पानाच्या कडेला चौकट रिकामी सोडली होती, आणि मागून आलेल्या चिताऱ्याने ती भरली होती. आधी काळी जाड रेघ, मग मागचं मैदान हिंगुळाने लालभडक, कुठे गडद निळं. माणसांची नाकं टोकदार. तोंड एका अंगाला वळलेलं, तरी पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर काढून ठेवलेला, जसा काही माणसाचा एकही डोळा पापपुण्यापासून लपता कामा नये. न वाचणाऱ्या बायकांना मागून, समईच्या उजेडात दिसावं म्हणून हे सगळं. पान उचलून धरायचं आणि मोरपिसाच्या देठाने एकेक दाखवत कथा सांगायची, हा मान कस्तुराबाईंच्या घरचा.

"ह्या चिताऱ्यानं सावली म्हून काढलीच न्हाई," त्या दर वर्षी सांगत. "जे हाय ते लाल, न्हाईतर निळं. मधलं काई न्हाई."

त्यांनी दोन्ही हातांनी पहिलं पान उचललं. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या एका नव्या सुनेला त्यांनी मागे एकदा देवळाबाहेर काढलं होतं, तेव्हापासून त्या पान उचलू लागल्या की बायका श्वासही बेताने घेत.

"हा यशोधर राजा. ही त्याची माय, चंद्रमती. राजाला वंगाळ सपान पडलं. माय म्हणली, देवीला जीव दे, टळल. राजा म्हणला, मी जीव मारणार न्हाई. मग मायनं तोड काढली, पिठाचं कोंबडं."

दुसरं पान त्यांनी उचललं, तेवढ्यात कडूबाई बोलली. कडूबाईचं घर त्यांच्या गोठ्याला लागून होतं.

"वैनी, पान उचलायच्या आधी एक इचारू का? काल तुमच्या गोठ्यामागनं कुत्रं कायतरी ओढायलं हुतं. मी हाकललं. बघते तर जवारीच्या पिठाचा गोळा. मधून कापलेला. वर कुंकू."

खांबाजवळ बसलेल्या सुमनने, दिनकरच्या बायकोने, डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

"कुत्र्याच्या तोंडातलं बी तुमी बघून ठिवता," कस्तुराबाई म्हणाल्या. "लय बारीक नजर."

"मी आपलं इचारलं. पोथी ज्या घरची, त्या घरात..."

"बाई," उपाध्ये मध्येच म्हणाले, खालच्या आवाजात, "असं काई झालं असंल तर पोथीला हात लावता येणार न्हाई तुमाला. पोथी बी मग देवळातच ठिवावी लागंल."

कस्तुराबाईंनी पान हळूच खाली ठेवलं.

"सुमन. उठ."

सुमन उठली.

"केलंस?"

"केलं."

"कुणी सांगितलं?"

दूध घालायला येणाऱ्या धनगराच्या मनकर्णाबाईने सुमनला आठवडाभर एकच सांगितलं होतं, म्हसोबाला कोंबडं दे, जीवाला जीव दिल्याबिगर माणूस सुटत न्हाई. कोंबडं कापणं सुमनच्या हातून होणारं नव्हतं. पीठ मळणं होणारं होतं.

"कुणीच न्हाई," ती म्हणाली.

"तुमाला ठाऊक हुतं का, बाई?" उपाध्यांनी विचारलं.

चार दिवसांपूर्वी पहाटे वैरण काढताना कस्तुराबाईंना तो गोळा कडब्याच्या गंजीमागे दिसला होता. दोन तुकडे, कुंकवाने भरलेले. त्या तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. मग त्यांनी त्यावर टोपलं पालथं घातलं, वर दगड ठेवला, आणि घरात येऊन कुणाला काही न बोलता दळायला बसल्या. त्या दिवसापासून संध्याकाळी जिंतूरच्या रस्त्याला गाडीचा आवाज आला की त्या ओट्यावर येत.

त्यांनी चौरंगावरचं पान सरळ केलं. ते सरळच होतं.

"मला ठाऊक असतं तर ही हितं बसली असती का?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ते पान उचललं आणि सुमनच्या तोंडासमोर धरलं. लाल मैदानावर काळ्या रेघेतली चंद्रमती, तिचं बोट पुढे आलेलं. समोर राजा, हातात तलवार. दोघांच्या मध्ये कोंबडा.

"बघ. पिठाचाच हाय. चिताऱ्यानं असा रंगवला की जिता वाटावा. घाव बसला तसा आरवला. पीठ आरवत न्हाई, पोरी, ज्यानं कापलं त्याचं मन आरवतं. मनानं मारलं म्हंजे मारलं. केलं त्याला पाप, करवलं त्याला पाप, आन बघून मनात बरं वाटलं त्याला बी तेवढंच. एक गुंजभर कमी न्हाई."

शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज किंचित बसला. बायकांना वाटलं, रागाने.

पुढचं पान त्यांनी उचललं. निळ्यावर एक मोर, आणि त्याची मान जबड्यात धरलेली कुत्री.

"दोगं बी मेले. राजा मोर झाला, माय कुत्री झाली. एकाच वाड्यात आले, एकमेकाला वळखलं न्हाई. मायनंच लेकाची मान मोडली."

कुणीतरी हुंदका दिला. सुमनने नाही. ती पानाकडे बघतच नव्हती, जमिनीकडे बघत होती.

उपाध्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. सुमनला तीन उपास, आणि वर्षभर पोथीला शिवायचं नाही. पोथी घरीच राहील, कारण घरच्या मोठ्या बाईने शास्त्र झाकून ठेवलं नाही, आपल्या माणसाची गय केली नाही. कडूबाईसुद्धा निघताना पाया पडली.

"वैनी, मन दगडाचं हाय तुमचं."

"दगड हाय म्हून घर उभं हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमचं मातीचं, त्याला पावसाळ्यात जपा."

घरी आल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. पानं सावलीत वारा खायला पाटावर पसरायची, दुपार कलली की नव्या फडक्यात बांधायची, हा रिवाज. त्यांनी पानं पसरली. एकेक, क्रमाने. कोंबड्याचं पान त्यांनी शेवटी ठेवलं आणि त्याच्यापाशी बसून राहिल्या.

सुमन चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती. तिचा पहिला उपास चालू झाला होता.

"हिकडं ये."

"मला शिवायचं न्हाई पोथीला."

"शिवू नको. बघ."

सुमन येऊन दोन हात अंतरावर बसली.

"तू केला त्याला तुरा हुता का?"

सुमनला कळायला वेळ लागला. "काय?"

"तुरा. डोक्यावरचा."

"न्हाई. गोळा केला, चोच काढली. मिऱ्याचे डोळे लावले."

"पंख?"

"न्हाई."

"शेपूट?"

सुमनने मान हलवली. कस्तुराबाई पानाकडे बघत होत्या. लाल मैदानावर कोंबडा ऐटीत उभा होता. काळ्या रेघेने त्याचं एकेक पीस वेगळं काढलं होतं, तुऱ्याचे पाच दात, नख्या, फुगलेली छाती. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो असा काढला होता की बघणाऱ्याचा हात पुन्हा कधी कशावर उठू नये.

"आरवला का?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग कसा यील दिनकर," कस्तुराबाई म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली. ती दूर जाईपर्यंत दोघींचे कान दाराकडे होते.

"आत्याबाई," सुमन हळूच म्हणाली. "पुढचं पान. मोराचं."

ते पान शेजारीच होतं. कस्तुराबाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला. देठाशिवाय चित्राला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. निळ्यावरची कुत्री आणि तिच्या तोंडातली मान त्यांच्या हाताखाली झाकून गेली.

"पुढल्या जल्मी मला काय व्हायचं ते हुईन," त्या म्हणाल्या. "ह्या जल्मी त्याची माय हाय मी."

सुमन त्यांच्याकडे बघत राहिली. मग कोंबड्याकडे. मग दोन हातांचं अंतर ओलांडून ती पुढे सरकली, पाटाला गुडघे टेकवून वाकली आणि पहिल्यांदाच ते चित्र नीट बघू लागली. पायापासून वर.

"नख्या बी काढायच्या का?" तिने विचारलं.

"समद्या," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि पिठाची परात घ्यायला आत गेल्या.