i फेकून द्या

राणे मॅडमचं डोकं तापलं की घाटकोपर पश्चिमेच्या त्या क्लासमधले पंखेसुद्धा गप्प होतात, असं पोरं म्हणायची. त्या दुपारी ते चांगलंच तापलं होतं. समोर शीतल बसली होती आणि टेबलावर तिच्या मॅथ्सच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी होती. पासिंगला बत्तीस लागतात, पोरीला ग्रेस धरून तीस. तरी दोन मार्क कमी.

"सहापैकी दोन!" वनमाला राणे कडाडल्या. "अगं, मेथड बघून कापलेत मेल्या परीक्षकाने. मॉडेल आन्सरमध्ये बाय पार्ट्स असणार, आणि याला तेवढंच दिसतं. शिरा पडो याच्या तोंडात!"

"मग पेपर पुन्हा तपासायला रिव्हॅल टाकू ना, मॅडम? पाच वाजेपर्यंत फॉर्म आहे. पप्पा म्हणाले, मॅडम हो म्हणाल्या तर टाक."

मॅडमना या पोरीचं सगळं ठाऊक होतं. फर्स्ट इयरची ही एकच केटी, म्हणजे अडकलेला विषय, राहिली होती, आणि ती सुटल्याशिवाय थर्ड इयरला घेत नाहीत. भाऊराव, म्हणजे शीतलचे वडील, जालन्याकडून येऊन इथे सिक्युरिटीत लागलेले, साधा सरळ माणूस. पण त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. या वेळी अडकलीस तर कॉलेज बास. विक्रोळीच्या आत्याच्या ओळखीने एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम बघून ठेवलंय, तिथे जायचं. धाकट्याचंही शिक्षण आहे, वर्ष वाया घालवणं आपल्याला झेपत नाही.

"टाकायचंच," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी असाच एकाने आपल्या क्लासच्या सिद्धेशचा पेपर कापला होता. भांडून चार मार्क परत आणले की नाही? आण इकडे, ओळ न् ओळ बघते."

प्रश्न होता e⁻²ˣ cos 3x चं शून्य ते π/2 इंटिग्रेशन. पुस्तकी रीत म्हणजे दोनदा बाय पार्ट्स. एकदा केलं की cos चा sin होतो, दुसऱ्यांदा केलं की पुन्हा cos, आणि मूळ इंटिग्रल फिरून आपल्यासमोर येऊन उभं. मग ते उचलून डाव्या बाजूला न्यायचं. पानभर लिखाण, आणि मध्ये एक वजाबाकीचं चिन्ह घसरलं की वाट लागली. मॅडमना ही रीत मनापासून नावडायची. त्या शिकवायच्या ती दुसरी रीत. cos 3x म्हणजे e³ⁱˣ चा रिअल भाग, ज्याला i, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, चिकटलेलं नाही तो. मग दोन e एकत्र करा, (−2+3i) ने भागा, शेवटी रिअल भाग घ्या. चार ओळींत खेळ खलास. कुठल्या क्लासात शिकवतात सांगा, असं त्या दर वर्षी छाती फुगवून विचारायच्या.

शीतलने अगदी तसंच केलं होतं. पहिली ओळ बरोबर. दुसरी ओळ, e⁽⁻²⁺³ⁱ⁾ˣ भागिले (−2+3i), झकास. मग लिमिट्स घातल्या होत्या. वरची लिमिट घातली की −ie⁻π, खालची घातली की एक. वजा करून अंशात −1 − ie⁻π, खाली (−2+3i). इथपर्यंत अक्षरसुद्धा कसं सुबक.

पुढच्या ओळीवर परीक्षकाने लाल गोल काढला होता. त्या ओळीत अंशात फक्त −1 उरला होता. i वाला तुकडा गायब. मग पोरीने खालचा i घालवायला वर-खाली कॉन्ज्युगेटने, (−2−3i) ने, गुणलं होतं, रिअल भाग घेतला होता आणि उत्तर चौकटीत बसवलं होतं, 2/13.

मॅडमनी पेन उचललं आणि मागच्या कोऱ्या कागदावर स्वतः केलं. तो तुकडा ठेवला. खालचा i गेल्यावर वर गुणाकाराला (−2−3i) येतो, आणि i ला i भेटला की उणे एक होतो. फेकलेल्या तुकड्यातूनच रिअल भागात −3e⁻π येत होतं. खरं उत्तर (2 − 3e⁻π)/13. भागाकार व्हायच्या आधीच पोरीने i फेकला होता. गोल बरोबर जागी होता. दोन मार्कसुद्धा परीक्षकाने उदार मनाने दिले होते.



"हे इथे का सोडलंस गं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"i होता ना, मॅडम." शीतलने बॅगेतून वही काढली. "तुम्हीच सांगितलंय. हे बघा."

वहीत त्यांचाच फळा उतरलेला होता. eˣ cos x, शून्य ते π. अंशात −e^π − 1, त्यात i चा पत्ताच नाही. मग भागाकार, आणि समासात लाल शाईत मॅडमचं वाक्य, *i दिसला की फेकून द्या*. मॅडमनी पानं उलटली. पुढचं उदाहरण शून्य ते π. त्याच्या पुढचं शून्य ते 2π. सगळी तशीच. त्या लिमिट्सना sin शून्य होतो, आकडे गोंडस येतात, फळ्यावर वेळ वाचतो, म्हणून गेली अकरा वर्षं त्या हीच उदाहरणं घेत होत्या. अंशात i उरतो असं एकही उदाहरण त्यांनी पोरांना दाखवलं नव्हतं. सगळं करून झाल्यावर शेवटी फेका, हेही कधी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते इतकं ठाऊक होतं की सांगायची गरजच वाटली नाही.

देवा रे, आणखी किती जणांनी फेकला असेल!

"मॅडम, सव्वातीन झाले. साइट नंतर स्लो होते."

हो म्हणणं किती सोपं होतं. फॉर्म भरला असता, निकाल महिन्याने आला असता, आणि शिव्या परीक्षकाला बसल्या असत्या. वनमालाबाईंच्या जिभेवर ते हो आलंही होतं.

"नको टाकूस," त्या म्हणाल्या. "पेपर बरोबर तपासलाय. हा i इथे फेकायचा नव्हता. चूक माझी आहे, शीतल. मी अर्धवट शिकवलं."

शीतलने त्या लाल गोलावर बोट ठेवलं. रडली नाही. रडली असती तर मॅडमना बरं वाटलं असतं.

"मला बाय पार्ट्स येत होतं, मॅडम," ती म्हणाली. "बारावीपासून येतं. पेपरात आधी तेच सुरू केलं होतं. मग तुमचं आठवलं, म्हणून खोडलं."

मॅडमनी फोटोकॉपी पुन्हा जवळ ओढली. पानाच्या वरच्या टोकाला खोडलेल्या तीन ओळी होत्या, मघाशी त्यांनी बघितल्याच नव्हत्या. पहिलं बाय पार्ट्स पूर्ण झालं होतं. चिन्हं बरोबर होती.

त्यांनी मोबाइल घेतला आणि भाऊरावांना फोन लावला. भाऊराव ड्युटीवर होते, मागे गेटची घंटा वाजत होती. मॅडमनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पुढच्या परीक्षेपर्यंत रोज घरी बोलावून फुकट शिकवते, एवढं वर्ष तिला द्या, असंही हात जोडल्यासारखं म्हणाल्या.

"म्हणजे पोरीची चूक नाही?" भाऊरावांनी विचारलं.

"नाही. माझी आहे."

"पण नापास तीच ना, मॅडम?"

मॅडमना हो म्हणावं लागलं.

"मग सोमवारी तिला विक्रोळीला घेऊन जातो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्ही खरं सांगितलंत, आभारी आहे."

शीतलने वही बॅगेत भरली, फोटोकॉपी तिथेच ठेवली आणि चप्पल घालून जिना उतरून गेली.