सहाचं माप

मी लहान मुलांचे कपडे शिवते. शिकले कुणाकडेच नाही. जुनी झबली उसवायची, पुन्हा जोडायची आणि मधेमधे बोटाला सुई टोचून घ्यायची, एवढंच माझं शिक्षण. त्यातून एक नियम मात्र मी स्वतः काढलाय: बाळ चौथ्या महिन्यात असलं, तरी कापायचं सहाचं माप. बाळ वाढतं, कापड वाढत नाही. या नियमाने माझं दुकान चांगलं चाललं. नातीच्या बाबतीत त्यानेच माझी फजिती केली.

नात फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेची. जुलैच्या पहिल्या तारखेला मी मशीनवर बसल्याबसल्या बोटं मोजली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै. सहा! शाबास म्हणून मीच माझी पाठ थोपटली. पुढच्या सोमवारी सूनबाई छापखान्यात कामावर रुजू होणार होती आणि दिवसभर बाळ माझ्याकडे. भात मऊ शिजवून भरवायचा, म्हणजे बाळही खूश, सूनही निर्धास्त, आणि मी? मी तर कर्तबगार आजी.

सून म्हणाली, "आई, सहा झाले का खरंच? मला तर अजून..."

"अगं, बोटं मोजलीत मी. दोन पोरं वाढवलीत."

दोन पोरांचा दाखला दिला की आमच्या घरात कुणीही गप्प बसतं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्याचं बघून मी भाताची पेज चमच्यात घेतली आणि नातीच्या तोंडाला लावली. तिने जिभेने ती सरळ बाहेर ढकलली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जशी गिऱ्हाईक बाई उलटी शिवलेली बाही बघते. मी तिचं तोंड पुसलं आणि पुरावा नष्ट केला.

गुरुवारी वजन करायला दवाखान्यात गेलो. सिस्टरने काट्यावर बाळ ठेवलं, कार्डावर टिंब काढलं आणि विचारलं, "दूध फक्त आईचंच ना?"

"हो," सून म्हणाली.

"आता सहा झालेत, म्हणून जेवण सुरू करतोय," मी मधेच तोंड घातलं.

सिस्टरने कार्डावरची तारीख पाहिली. "सहा कुठले, काकू? अठ्ठावीस फेब्रुवारीपासून अठ्ठावीस मार्च, हा एक महिना पूर्ण. असे मोजा."

मी पुन्हा बोटं मोजली. अठ्ठावीस जूनला चार पूर्ण. पाचवा नुकता लागलेला. फेब्रुवारीत ही पोर पुरता एक दिवसही नीट राहिली नव्हती आणि मी तिच्या नावावर अख्खा महिना लावून मोकळी! जुलै तर नुकता लागला होता.

"सहा पूर्ण झाले की सुरू करा. अठ्ठावीस ऑगस्टला," सिस्टर म्हणाली. "तोवर आईचंच दूध. पाणीसुद्धा नको. कामावर जाताना दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. सहा झाल्यावर मात्र रेंगाळू नका. मग नुसतं दूध पुरत नाही."

बाहेर बाकावर सून कार्ड उलटसुलट करत बसली. मला कळलं, ती माझा नाही, सोमवारचा विचार करतेय: हिच्याकडे बाळ ठेवायचं की नाही?

"काल मी पेज दिली," मी सांगून टाकलं. "तू आंघोळीला होतीस. तिने थुंकून टाकली."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मला विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते!"

"म्हणून तर नाही विचारलं."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. म्हणाली, "सोमवारपासून फ्रिजवर कागद लावते. दूध कधी, किती पाजायचं ते त्यावर लिहीन, तेवढंच. तुमचा अंदाज नको."

कागद लागला. सात आठवडे मी त्याबाहेर एक थेंबही गेले नाही. आणि गंमत बघा, इतकी भ्याले, की अठ्ठावीस ऑगस्ट उजाडला तर मीच म्हणाले, "राहू दे ना, सात भरले की सुरू करू. कसं, थोडं माप वाढवून..."

"आई," सून पर्स खांद्याला लावत म्हणाली, "सिस्टर काय म्हणाली होती? आज. सुट्टीच्या दिवसाची वाटही बघायची नाही. मी निघते, तुम्ही भरवा."

"मी? एकटीने?"

"मग कोण? दोन पोरं कुणी वाढवलीत?"

दार बंद झालं. मी भात आणि डाळ मऊ शिजवून कुस्करली, चमचा तिरका केल्यावर सांडणार नाही इतकी घट्ट. बाळाला मांडीवर बसवून माझं जुलैत शिवलेलं लाळेरं गळ्यात बांधलं. ते तिच्या गुडघ्याखाली गेलं.

पहिला घास बाहेर आला. दुसरा अर्धा बाहेर, अर्धा गायब. तिसऱ्याला तिने आधीच तोंड उघडलं. तीन चमचे, मग बास. दूध दुपारी नेहमीसारखंच.

मी छापखान्यात फोन लावला. सून म्हणाली, "काय झालं? काही बिघडलं का?"

"काही नाही," मी म्हणाले. "तीन खाल्ले. नीट मोजलेत."